चाळिसाव्या मिनिटाला कॅमेरा गोठतो: घरून द्यायच्या परीक्षेसाठी लॅपटॉप कसा पारखायचा

"दादा, परत तेच झालं."

नाशिकच्या सिडकोतली एक मुलगी मागच्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा लॅपटॉप घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आली, तेव्हा मला थोडी लाजच वाटली. परदेशात शिकायला जाण्यासाठीची जीआरई घरून द्यायची म्हणून ती क्लासच्या सराव परीक्षा देत होती, त्याही कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली. पहिला अर्धा तास सगळं सुरळीत चालायचं. मग चाळीस मिनिटांच्या आसपास प्रश्नाचं पान उशिरा उघडायला लागायचं, घड्याळ दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायचं आणि कोपऱ्यातल्या चौकटीत तिचाच चेहरा गोठून बसायचा. त्यानंतर चेहरा दिसत नसल्याची सूचना यायची. एकदा तर परीक्षाच मध्येच बंद झाली.

तोवर घरच्यांचा खर्च बराच झाला होता. आधी कुणीतरी फॉरमॅट मारून दिला. मग 4 जीबी रॅमची 8 केली. मग नेटचा प्लॅन वाढवला. दोष जागच्या जागी. माझ्याकडे दोनदा आला तेव्हा मी तो तास-तासभर चालवून पाहिला होता आणि "ताई, लॅपटॉपला काही झालेलं नाही" असं सांगून परत पाठवला होता. चूक माझीच होती, ती कुठे झाली ते पुढे येईल.

हा त्रास कुणाला होतो ते आधी सांगतो, कारण दुकानात निम्मे पालक गैरसमजातून लॅपटॉप बदलायला येतात. एमपीएससी, बँकेच्या परीक्षा, जेईई मेन, कॅट या केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षा आहेत. तिथे संगणक लागलाच तर तो केंद्राचा असतो, तुमचा लॅपटॉप फक्त अभ्यासापुरता. घरून कॅमेऱ्यासमोर देता येणाऱ्या परीक्षा म्हणजे जीआरई, जीमॅट, टोफेल, काही सॉफ्टवेअर सर्टिफिकेशनच्या परीक्षा आणि कंपन्यांच्या नोकरभरतीच्या चाचण्या. जीआरई आता 1 तास 58 मिनिटांची आहे, जीमॅट सव्वादोन तासांची. त्याआधी ओळखपत्र आणि खोली दाखवण्यात वेळ जातो तो वेगळा. म्हणजे लॅपटॉपला अडीच तास न थकता धावायचंय.

आणि हे धावणं साधं नसतं. एकीकडे कॅमेऱ्याचं चित्र सतत दाबून लहान करून पाठवायचं, दुसरीकडे पडद्याचं चित्रही पाठवायचं, शिवाय परीक्षेचा बंदिस्त ब्राउझर चालू ठेवायचा. सिनेमा पाहताना प्रोसेसरला मधूनमधून दम खाता येतो, इथे तशी सोय नाही. भार फार मोठा नसतो, पण तो थांबतच नाही.

आधी नेट की लॅपटॉप, हे ठरवा

चित्र गोठलं की सगळे नेटला शिव्या देतात. हे ठरवायची एक सोपी खूण आहे. सराव परीक्षेत तुमचं स्वतःचं चित्र कोपऱ्यात दिसतं ना, त्याच्याकडे बघा. तिकडून "तुम्ही दिसत नाही" असं सांगतायत, पण तुमच्या पडद्यावरचं तुमचं चित्र लोण्यासारखं सरकतंय, तर गाडी नेटवर अडली आहे, आणि तीसुद्धा बहुतेक अपलोडमध्ये. उलट स्वतःच्या पडद्यावरच स्वतःचा चेहरा अडकत असेल, तर ते चित्र अजून राउटरपर्यंत पोचलेलंही नाही. दोष लॅपटॉपमध्ये आहे आणि नेटचा कितीही महागडा प्लॅन घेतला तरी तो जाणार नाही. या मुलीचं दुसऱ्या प्रकारातलं होतं. हे मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर नेटचे पैसे तरी वाचले असते.

परीक्षा घेणाऱ्यांची जी सिस्टीम तपासणी असते, तिच्यावरही इथे भिस्त ठेवू नका. कॅमेरा आहे का, माइक आहे का, नेट पुरेसं आहे का, एवढं ती थोडक्यात बघते आणि हिरवी खूण देते. ती करायचीच, ज्या लॅपटॉपवर आणि ज्या जागेवर परीक्षा देणार तिथेच करायची. पण थंड लॅपटॉपवरची दोन मिनिटांची तपासणी चाळिसाव्या मिनिटाबद्दल काय सांगणार?

वेग लिहून काढायचा

तिसऱ्या वेळी मी लॅपटॉप ठेवून घेतला नाही. घरी सराव करताना प्रोसेसरचा वेग नोंदवायला सांगितला. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही. स्टार्टमध्ये `cmd` टाइप करून काळी खिडकी उघडायची आणि ही एक ओळ द्यायची:

```
typeperf "\Processor Information(_Total)\% Processor Performance" "\Processor Information(_Total)\% Processor Time" -si 10 -sc 720 -y -o "%USERPROFILE%\speed.csv"
```

दर 10 सेकंदांना एक नोंद, अशा 720 नोंदी, म्हणजे दोन तास. नंतर ती फाइल एक्सेलमध्ये उघडते. पहिला आकडा वेगाचा. त्यात 100 म्हणजे प्रोसेसरचा मूळ वेग, 200 म्हणजे त्याच्या दुप्पट. दुसरा आकडा प्रोसेसरवरच्या भाराचा. हे दोन्ही आकडे जोडीनेच वाचायचे. भार 10 वर आहे आणि वेगही खाली आहे, तर काळजी नाही, प्रोसेसर काम नाही म्हणून निवांत बसलाय. भार 80-90 वर आणि वेग मात्र उतरतोय, तर त्याला पळायचंय पण कुणीतरी लगाम खेचलाय. एक लक्षात ठेवा, हे फक्त सरावाच्या वेळी करायचं. खऱ्या परीक्षेत पाठीमागे असलं काही चालू दिसलं तर ते नक्की आक्षेप घेतील. एखाद्या क्लासच्या बंदिस्त ब्राउझरला सरावातही ते चालत नसेल, तर व्हिडिओ कॉल लावून बसा आणि सोबत प्रश्नपत्रिका सोडवा, भार साधारण तसाच पडतो.

मुलीने दुसऱ्या दिवशी फाइल पाठवली. तिचा प्रोसेसर i3-1005G1, दोन कोअरचा, मूळ वेग 1.2 गिगाहर्ट्झ. सुरुवातीला आकडा 250 च्या आसपास, म्हणजे 3 गिगाहर्ट्झ. दहाव्या मिनिटाला 200. अर्ध्या तासाला 130. एकोणचाळिसाव्या मिनिटाला 68. गिगाहर्ट्झमध्ये सांगायचं तर 0.8, मूळ वेगाच्याही खाली, आणि त्या वेळी भार 100 वर. तिने वहीत वेळ टिपून ठेवली होती: चेहरा गोठला, 39 मिनिटं. दोन्ही नोंदी तंतोतंत जुळल्या.

इथे उताराचा आकार बघायचा असतो, निदान त्यातच दडलेलं असतं. वेग असा घाटातल्या रस्त्यासारखा हळूहळू उतरत गेला तर कारण बहुतेक उष्णता. प्रोसेसर पहिला मिनिटभर जोरात पळतो आणि मग ठरवून दिलेल्या विजेच्या मर्यादेत येतो, हे सगळ्याच लॅपटॉपमध्ये होतं, त्याला दोष म्हणायचं नाही. पण त्यानंतरही अर्धा तास उतरण चालूच राहिली, तर आतलं तांबं, बॉडी, सगळं तापत तापत भरून आलंय आणि उष्णतेला बाहेर जायला वाट नाही.

आकडा पहिल्या सेकंदापासूनच तळाशी चिकटलेला असेल तर गोष्ट वेगळी. देवळालीचा एक मुलगा असाच आला होता. नवाकोरा म्हणावा असा लॅपटॉप, पण कायम 0.4 ते 0.8 गिगाहर्ट्झमध्ये. मी चार्जर काढला आणि बॅटरीवर चालवला, तर वेग लगेच वर! मूळ चार्जर हरवला म्हणून त्याने लोकल घेतला होता. काही लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही की घाबरून प्रोसेसरला तळाच्या वेगावर बांधून ठेवतात. अशा वेळी फॉरमॅट मारून काय होणार? योग्य वॅटचा, त्याच कंपनीचा चार्जर आणला आणि विषय संपला. चार्जर काढल्यावर वेग वाढतो का, ही तपासणी दहा सेकंदांची आहे, म्हणून ती सगळ्यात आधी करतो आता.

दुकानात ठीक, घरी बंद: असं का?

फाइल बघून मी संध्याकाळी तिच्या घरी गेलो. ती जिथे परीक्षा द्यायला बसायची ती वरची खोली बघितली आणि कपाळावर हात मारला.

खोलीत दुसरं कुणी नको म्हणून दार बंद. बाहेर रिक्षा आणि कुत्री, म्हणून खिडकी बंद. पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून पंखाही बंद. एप्रिलमधला नाशिकचा दुपारी तीनचा स्लॅब तर तुम्हाला ठाऊकच आहे, सहा वाजले तरी खोली भट्टीसारखी होती. आणि लॅपटॉप? कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला यावा, चेहरा मधोमध दिसावा, म्हणून टेबलावर चौघडी करून ठेवलेल्या सोलापुरी चादरीवर. लॅपटॉपला हवा आत घ्यायच्या फटी खालच्या बाजूला असतात. त्या सगळ्या चादरीने बुजल्या होत्या.

माझ्या दुकानात तो लाकडी काउंटरवर, डोक्यावर पंखा चालू असताना चालला होता. म्हणजे मी ज्या लॅपटॉपची परीक्षा घेतली, तो तिच्या घरातला लॅपटॉप नव्हताच. दोष शोधायचा तर दोष जिथे होतो तिथेच बसायला लागतं, हे पंधरा वर्षं धंदा करून मला एका चादरीने शिकवलं.

चादर काढली, पंखा एकवर ठेवला, तर दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत चाळिसाव्या मिनिटाचा आकडा 68 वरून 95 वर गेला. बरं झालं, पण पुरेसं नाही. मग खोलून पाहिला. फॅनच्या तोंडाशी ज्या तांब्याच्या पातळ पात्या असतात, त्यांच्यावर धुळीचा थर इतका घट्ट बसला होता की चिमट्याने उचलल्यावर नमद्याच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. बाहेरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, फॅन काढावाच लागतो. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती पुसून नवी लावली. आता चाळिसाव्या मिनिटाला 125 आणि पुढे तासभर तिथेच स्थिर. कॅमेरा गोठायचा थांबला.

इथेच थांबता आलं असतं. पण भाराचा आकडा मला आवडला नाही. वेग टिकला तरी भार 85 ते 95 च्या मध्येच घुटमळत होता. म्हणजे दोन कोअर पूर्ण कामाला जुंपलेले, हाताशी काही शिल्लक नाही. परीक्षेच्या मध्येच अँटीव्हायरसने आपली फेरी सुरू केली, की पुन्हा अडखळणार. रॅम वाढवून हे सुटत नव्हतं, कारण रॅम कमी पडतच नव्हती. 8 जीबीतली दोनेक जीबी मोकळी होती. मी तिच्या वडिलांना स्पष्ट सांगितलं, "भाऊ, सरावाला हा पुरेल. पण परीक्षेची फी बघता मी असतो तर यावर बसलो नसतो." त्यांनी चाळीस हजारांच्या आतबाहेर बजेट सांगितलं आणि रविवारी आम्ही तिघं एम. जी. रोडला गेलो.

एकच स्टिकर, दोन वेगळे लॅपटॉप

दुकानात गेल्या गेल्या दाखवतात तो सगळ्यात बारीक, हलका आणि स्वस्त. त्यातल्या एकात Celeron N4020 होता, दोन कोअरचा आणि फॅनच नाही. फॅन नसलेला लॅपटॉप टायपिंगला छान, आवाज शून्य. पण उष्णता फक्त बॉडीतून निघणार, तीही आपल्याकडच्या मे महिन्यात. तो बाजूला ठेवला. तोच लॅपटॉप विंडोजच्या एस मोडमध्येही होता. त्या मोडमध्ये फक्त विंडोजच्या स्टोअरमधली ॲप चालतात, परीक्षेचा ब्राउझर बाहेरून उतरवून टाकता येत नाही. तो मोड फुकटात काढता येतो, पण परीक्षेच्या आदल्या रात्री कळलं तर जीव जातो.

मग i3-1215U चे दोन लॅपटॉप समोर आले. सहा कोअर, दोघांतही 8 जीबी रॅम, दोघांतही एसएसडी, किमतीत दोन हजारांचा फरक. दुकानदार म्हणाला, "दोन्ही सेमच आहेत, रंग आवडेल तो घ्या." स्टिकर सेम होतं, हे खरं. पण प्रोसेसरला किती वॅट सतत वापरू द्यायचे, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. फॅन केवढा, तांब्याची नळी किती जाड, हवेची वाट मोकळी की बिजागरीत कोंबलेली, हेही तीच ठरवते. या गोष्टी डब्यावर छापलेल्या नसतात. चालवून बघणं एवढाच उपाय.

दुकानदाराला आधीच सांगितलं की अर्धा तास लागेल. तोंड वाकडं केलं त्याने, पण गिऱ्हाईक पक्कं आहे म्हटल्यावर चहा मागवला. दोन्ही लॅपटॉप चार्जरवर, शेजारी शेजारी. दोघांवर कॅमेरा ॲप उघडून व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू केलं. मग पॉवरशेलच्या दोन खिडक्या उघडून दोन्हींत हे दिलं:

```
while($true){}
```

यात प्रोसेसर काहीही न करता नुसता गोल गोल फिरत राहतो. एक खिडकी म्हणजे साधारण एका कोअरवर पूर्ण भार. परीक्षेपेक्षा हे थोडं जास्तच आहे, पण अर्ध्या तासात अडीच तासांचा अंदाज हवा असेल तर थोडं जास्तच लावावं लागतं. `Ctrl+C` दाबलं की थांबतं. `Ctrl+Shift+Esc` ने टास्क मॅनेजर उघडायचा, `Performance` मध्ये `CPU` वर जायचं आणि तिथे `Speed` समोरचा आकडा बघत बसायचं.

पाचव्या मिनिटाला दोन्ही जवळपास सारखेच, तीन-साडेतीनच्या दरम्यान. दुकानदाराने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. पंधराव्या मिनिटाला पहिला 2.4 वर, दुसरा 3.0. पंचविसाव्या मिनिटाला पहिला 1.7 आणि त्याचा कीबोर्डचा वरचा भाग हाताला चटका देईल इतका गरम, दुसरा 2.9 वर ठाम. रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहिलं. मुलीने कॅमेऱ्यासमोर मधूनमधून हात हलवला होता. पहिल्यावर शेवटी शेवटी तो हात तुकड्या-तुकड्यांत हलत होता, दुसऱ्यावर सलग. पहिला लॅपटॉप दोन हजारांनी महाग होता, दिसायला देखणाही होता. वडिलांचा जीव त्याच्यावरच होता. पण मुलीने दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि विषय मिटला.

फॅनचा आवाजही तेव्हाच ऐकून ठेवायचा. तिच्या मावसभावाचा गेमिंग लॅपटॉप आम्ही आधी घरी लावून पाहिला होता. वेगाला तोड नाही, पण दहा मिनिटांत फॅन असा घोंघावायला लागला की रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज मागे आणि फॅन पुढे. टोफेलमध्ये बोलून उत्तरं द्यायची असतात. जीआरईतही देखरेख करणाऱ्याशी बोलायची वेळ येते आणि हेडफोन चालत नाहीत, आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधूनच यावा लागतो.

सेकंड हँड बिझनेस लॅपटॉपचं विचाराल तर मी त्यांचा चाहता आहे. जाड असतात, उष्णतेची वाट मोठी असते, उघडायला सोपे. फक्त दोन ठिकाणी फसवतात, कॅमेरा आणि बॅटरी. बॅटरीचं खरं वय काळ्या खिडकीत एका ओळीत कळतं:

```
powercfg /batteryreport
```

जो अहवाल तयार होतो त्यात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` हे दोन आकडे असतात. तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये पहिला 41,000 मिलिवॅट-अवर होता आणि दुसरा 19,500, म्हणजे 19.5 वॅट-अवर, निम्म्याहून कमी उरलेली. कॅमेरा चालू असताना लॅपटॉप साधारण 15 वॅट खातो असं धरलं, तर 19.5 भागिले 15, म्हणजे सव्वा तास. परीक्षा दोन तासांची. परीक्षा सुरू होतानाच लाईट गेली आणि लवकर आली नाही, तर मध्येच पडदा काळा. नव्याची बॅटरी 42 वॅट-अवरची आहे, तीच गणितं केली तर पावणेतीन तास. पण लाईट गेल्यावर राउटरही जातो, तेव्हा त्याला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला. आणि बॅटरीवर गेल्यावर विंडोजने वेग आवळू नये म्हणून सेटिंगमध्ये `Power mode` आधीच `Best performance` वर ठेवून, मुद्दाम प्लग काढून दहा मिनिटं चालवून पाहिलं.

मॅकबद्दल किंवा स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपबद्दलही लोक विचारतात. थंड चालतात, हे बरोबर. पण परीक्षेचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे त्या परीक्षेच्या अधिकृत पानावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. क्रोमबुक आणि टॅबलेटवर जीआरई देता येत नाही, हे तर तिथे स्पष्टच लिहिलंय.

कॅमेरा अंधारात आळशी होतो

नवा लॅपटॉप घरी आला आणि पहिल्याच सरावात मुलीचा फोन: "दादा, चेहरा पुसट दिसतोय." माझ्या पोटात गोळा आला. पण हे चाळिसाव्या मिनिटाला झालं नव्हतं, पहिल्या मिनिटापासूनच होतं. आणि चित्र अडकत नव्हतं, हात हलवला की मागे शेपूट राहत होतं. हा फरक ओळखता आला पाहिजे. अडकणं हे प्रोसेसरचं लक्षण आहे, शेपूट राहणं उजेडाचं. उजेड कमी असला की कॅमेरा एकेका चित्रासाठी जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो, त्यामुळे सेकंदाला 30 चित्रांऐवजी 15च येतात आणि तीही फरफटलेली.

तिच्या पाठीमागे खिडकी होती आणि तोंडावर अंधार. टेबल फिरवून तोंड खिडकीकडे केलं, काम झालं. संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसले, तर कॅमेरा ॲपच्या सेटिंगमध्ये फ्लिकर कमी करायचा पर्याय असतो, तो 50 हर्ट्झवर ठेवायचा, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. पडद्याचा उजेड तोंडावर येतो म्हणून दिव्याची गरज नाही, असं कुणी म्हणेल त्याला एकदा स्वतःचं रेकॉर्डिंग बघायला लावा.

बाकी आदल्या दिवशीची कामं फोनवरच सांगितली. विंडोज अपडेट आठवडाभरासाठी थांबवायचं, पण त्याआधी बाकी असलेली सगळी अपडेट उतरवून लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करायचा, नाहीतर अर्धवट राहिलेलं काम पाठीमागे चालूच राहतं. अँटीव्हायरसची पूर्ण तपासणी आदल्या रात्रीच उरकून घ्यायची. चेहऱ्यामागचं चित्र धूसर करणारी, त्वचा उजळणारी जी काही सोय लॅपटॉपसोबत येते ती बंद करायची, ती कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रावर कष्ट घेते आणि तिथे कुणाला तुमची त्वचा बघायची नसते.

परीक्षेच्या दोन दिवस आधी तिने पूर्ण दोन तासांची नोंद पुन्हा पाठवली. त्याच वरच्या खोलीत, दुपारी, पंखा एकवर, दार-खिडकी बंद. शेवटच्या तासात वेग जवळपास सरळ रेषेत होता आणि भार 40 च्या वर फारसा गेलाच नाही.

फक्त कॅमेऱ्याच्या उंचीचा प्रश्न उरला होता, कारण चादरीवर मी बंदी घातली होती. तिने देवघरातला लाकडी पाट आणून टेबलावर ठेवला. कडक, सपाट, लॅपटॉपच्या रबरी पायांमुळे खाली बोटभर फट. मी फोटो बघून लगेच होकार कळवला. पाट दोन दिवसांसाठी म्हणून आईकडून मागितला होता, तो अजून वरच्याच खोलीत आहे.